पॅनचं चौथं अक्षर: जीएसटीच्या नावाखाली माझे १,४६,१०० रुपये कसे गेले

लिहायला लाज वाटते, पण अमळनेर-धुळे पट्ट्यात गाळे भाड्याने देणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, म्हणून लिहितो.

तालुक्याच्या गावी आमची तीन मजली इमारत आहे. खाली तीन गाळे, प्रत्येकी २८,००० भाडं. पहिल्या मजल्यावर ६५,००० ला क्लासेसवाले. वर एका कुटुंबाला राहायला दिलेला फ्लॅट, त्याचे १८,०००. महिन्याचे १,६७,००० आणि वर्षाचे २०,०४,०००. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची. म्हणजे मी अवघ्या ४,००० रुपयांनी ओलांडली, तीही मार्चमध्ये.

माझा समज असा की राहत्या घराच्या भाड्यावर कर नाही, म्हणजे ते मोजायचंही नाही. एका भाडेकरूच्या ओळखीने आलेल्या ‘सल्लागारा’ने तो मोडला. घरभाड्यावर कर लागत नाही, पण मर्यादा मोजताना ते धरावंच लागतं, आणि ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, असं तो म्हणाला. हे दोन्ही खरं आहे, आणि मी फसलो तो इथेच. माणूस पहिल्या दोन गोष्टी खऱ्या बोलला की तिसरी आपण तपासत नाही.

तिसरी गोष्ट होती ‘सरकारी फी’ १२,०००. नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. सल्लागाराने मेहनताना मागावा, पण त्याला सरकारी फी म्हणाला की उठून चालतं व्हा.

आठ दिवसांत प्रमाणपत्र आलं. छान रंगीत, वर अशोकचिन्ह. मी लॅमिनेट करून आणलं. जीएसटी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं आपल्याच पॅनची. हे मला माहीत होतं! बिलबुक छापायला देताना पॅनकार्ड शेजारी ठेवलं तर चौथं अक्षर जुळेना. माझ्या पॅनवर P, प्रमाणपत्रावर F. P म्हणजे व्यक्ती, F म्हणजे फर्म. मी फोन केला. तो म्हणाला, “काका, ते सिस्टीम टाकतं, व्यवसायाचा नंबर वेगळा असतो.” आणि मी मानलं. छापखान्यात माणसं खोळंबली होती, मला वाद नको होता. तो एक मिनिट मी रोज आठवतो. नोंदणीचा ओटीपी माझ्या मोबाइलवर आलाच नव्हता, हेही तेव्हा ध्यानात आलं नाही.

एप्रिलपासून मी बिलात १८ टक्के लावले. १,४९,००० वर महिन्याचे २६,८२०. तो म्हणायचा, “मी चलन भरतो, तुम्ही मला टाका.” मी त्याच्या खाजगी नंबरवर टाकत गेलो. पाच महिने, १,३४,१००. खरं चलन पोर्टलवर आपल्याच नंबरवर निघतं, त्याला CPIN असतो आणि पैसे थेट सरकारकडे जातात. मला मिळायची टाईप केलेली पावती.

सप्टेंबरात मोबाइल दुकानवाला भाडेकरू आला. नोंदणी असलेला तो एकटाच. त्याच्या सीएला माझी बिलं पोर्टलवर दिसेनात. त्याने माझ्यासमोर gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला. भलत्याच पेढीचं नाव आलं, पुढे Cancelled. शिवाय मी नोंदणीकृत नाही म्हटल्यावर ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने त्याच्या गाळ्यावरचा कर मला न देता त्यानेच थेट सरकारला भरायचा होता. त्याचे २५,२०० मला परत द्यावे लागले. आईने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “तुनं डोकं कोठे व्हतं?”

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, हा कराचा विषय, तिकडे जा. तिकडे म्हणाले, तुमचा खाजगी व्यवहार, ठाण्यात जा. ठाण्यात पुन्हा, “पैसे तुम्ही स्वतःहून टाकले ना? ओटीपी चोरला का कुणी?” चार चकरा, दोन अर्ज, आणि एका साहेबाचा उपदेश की शिकलेली माणसंच जास्त फसतात. माझं पॅन त्या बनावट कागदाशी जोडून आणखी काय केलं गेलंय, हे विचारलं तर म्हणे, लेखी द्या. लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का बाहेर गेलेला!

आणि कर? नव्या सीएने सांगितलं, नोंदणी नसताना कर गोळाच करायचा नसतो, आणि केला तर तो सरकारचा. बाकी भाडेकरूंकडून घेतलेले १,०८,९०० मला खिशातून भरायचे आहेत, वर व्याज. चोर पळाला म्हणून सरकारला फरक पडत नाही. माझी चूक होती, मान्य. पण मी कर चुकवत नव्हतो हो, भरायला धावत होतो!

आता नोंदणी झालीय, ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला, नंबरातल्या पॅनचं चौथं अक्षर P आहे. फी शून्य. जुनं प्रमाणपत्र ठाण्यात जमा आहे, माझ्याच पैशांच्या लॅमिनेशनसकट.