साठीच्या कार्यक्रमात रिटर्न गिफ्ट: स्टीलचा डबा की कापडी पिशवी?

समजा लातूरला अण्णांची साठी आहे, ३०० माणसं येणार आणि रिटर्न गिफ्टला १२,००० बाजूला काढलेत. माणशी द्यायचं म्हणलं तर ४० रुपयेच पडतात, पण घरटी एक धरलं तर १२० घरं होतात आणि हात १०० पर्यंत जातो, म्हणून आधी घरं मोजा मग वस्तू ठरवा.

डबा घरात वर्षानुवर्षं राहतो, बायका लगेच वापरायला काढतात, माझं मत तरी डब्यालाच. फक्त स्वस्तात मोठा डबा घेऊ नका, त्याचा पत्रा पातळ असतो, तळ अंगठ्यानं दाबला की आत जातो आणि एकदा पोचा आला की झाकण नीट बसत नाही. त्यापेक्षा त्याच पैशात लहान पण जाड घ्या, आणि हो, नाव सगळ्यांवर टाकू नका, दहा-पंधरा कोरे ठेवा आणि उरले तर परत घेतो का ते दुकानदाराला आधीच विचारा, नाव टाकलेला कोण घेणार?

पिशवी ४० च्या आसपास बसते, त्यामुळं माणशी द्यायचंच असेल तर तीच बरी. पण छपाईचा साचा ५० पिशव्यांसाठी करा नाहीतर ३०० साठी, खर्च तेवढाच, म्हणून थोड्या पिशव्या महाग पडतात. तळाला रुंदी आणि बंदाला दुहेरी शिलाई बघा, नाहीतर बाजारातून भाजी आणताना बंदच तुटतो. फोटो मोठा छापला तर लोक ती बाजारात न्यायला लाजतात, कोपऱ्यात नाव-तारीख बास.