सेकंडहँड सबमरिनर घेताना: वजन, रोटर, तारखेची खिडकी आणि फिनिशिंग

रोलेक्स सबमरिनर डेट, मॉडेल 116610LN, बॉक्स आणि कार्डासकट, किंमत बाजारभावाच्या जवळपास निम्मी. जाहिरातीतले फोटो अस्सल घड्याळाचे होते, कार्डावरचं वर्षही जुळत होतं, कारण हे मॉडेल 2010 ते 2020 या काळात निघत होतं. खरेदीदाराने पैसे पाठवले आणि पार्सलमध्ये नक्कल आली. फोटोंवरून ती कुणालाच ओळखता आली नसती. हातात आल्यावर मात्र अर्ध्या तासात ओळखता येते.

पहिली तपासणी वजनाची. या मॉडेलचं वजन सगळ्या कड्यांसकट साधारण 150 ते 160 ग्रॅम भरतं. मनगटाच्या मापासाठी काढलेल्या कड्या बॉक्समध्ये असतात, त्याही वजनकाट्यावर ठेवाव्यात, नाहीतर आकडा फसवतो. पार्सलमधलं घड्याळ काढलेल्या दोन कड्या धरूनही 131 ग्रॅम भरलं. हा फरक बहुतेक पट्ट्यातच असतो: अस्सल पट्ट्याच्या कड्या भरीव असतात, स्वस्त नकलेत मधली कडी पोकळ आणि क्लॅस्प पातळ पत्र्याचं. मात्र वजन बरोबर आलं म्हणून घड्याळ खरं ठरत नाही. रोलेक्सचं 904L स्टील आणि नेहमीचं 316L स्टील यांची घनता जवळपास सारखीच असते, त्यामुळे भरीव पट्ट्याची चांगली नक्कल काट्यावर सहज पास होते.

मग रोटर, म्हणजे मनगट हललं की फिरून चावी भरणारं आतलं वजन. यातली मशीन कॅलिबर 3135. तिचा रोटर आसावर फिरतो, बॉल बेअरिंगवर नाही, आणि दोन्ही दिशांना फिरताना चावी भरतो. शांत खोलीत घड्याळ कानाला लावून हळूहळू तिरकं करा. एका दिशेला रोटर भर्रकन मोकळा सुटल्यासारखा फिरत असेल आणि तो थरथराट तळहाताला जाणवत असेल, तर आत एकाच दिशेने चावी भरणारी स्वस्त मशीन असण्याची शक्यता दाट. दुसरी खूण: क्राउन, म्हणजे बाजूची चावीची खुंटी, सैल करून हाताने चावी द्या. चावी देताना आतला रोटरही गरगरायला लागला तर थांबा. ही नकलांमधल्या कॉपी मशीनची नेहमीची खोड आहे. सर्व्हिसिंग न झालेल्या अस्सल घड्याळाचा रोटरही घासल्यासारखा आवाज करतो, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नये.

तारखेची खिडकी सगळ्यात बोलकी. काचेवरचं भिंग अंक सुमारे अडीच पट मोठा दाखवतं, त्यामुळे अस्सल घड्याळात तारीख जवळजवळ अख्खी खिडकी भरते. नकलेत ती बारीक दिसते आणि कडेने पांढरी जागा उरते. एकच तारीख पाहून समाधान मानू नका. आधी काटे सहाच्या आसपास आणा, म्हणजे तारखेच्या चाकांवर ताण येत नाही, आणि मग 1 ते 31 सगळ्या तारखा फिरवून पाहा. या घड्याळात 11 नीट मध्यभागी होती, पण 23 खाली सरकलेली आणि 28 डाव्या कडेला टेकलेली. मग वेळ पुढे नेत मध्यरात्र ओलांडा: 3135 मध्ये तारीख बाराच्या सुमारास एका झटक्यात उडते. इथे अकरा वीसलाच चकती सरकू लागली आणि बराच वेळ दोन तारखा अर्ध्या-अर्ध्या दिसत राहिल्या.

फिनिशिंगसाठी दहापट भिंग घ्या. पट्टा जिथे जोडतो त्या लग्सचा वरचा भाग बारीक रेघांचा आणि बाजू आरशासारखी असते. दोहोंच्या मधली कड सरळ, स्वच्छ हवी. मात्र आधीच्या मालकाने पॉलिश करून घेतलं असेल तर अस्सल घड्याळाचीही कड बोथट होते. काटे आणि डायलवरच्या खुणांची कड पॉलिशने बिघडत नाही, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. या घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या कडेला कापताना उरलेलं बारीक कुसळ होतं आणि सहाच्या खुणेवरचा चमकणारा लेप चौकटीबाहेर ओघळला होता.

तरीही शंका उरली तर मागचं झाकण जाणकाराकडून उघडून घ्या, त्याला खास पाना लागतो. अस्सल 3135 मध्ये बॅलन्स व्हीलवरचा, म्हणजे मागेपुढे डोलत वेळ राखणाऱ्या चाकावरचा, धातूचा पूल दोन्ही टोकांना टेकलेला असतो. इथे तो एकाच बाजूने धरलेला होता आणि रोटरच्या मधोमध बॉल बेअरिंगचं कडं स्पष्ट दिसत होतं. उलट, सगळं जुळलं तरी 3135 च्या हुबेहूब कॉपी निघतात. तिथे निर्णय रोज हीच मशीन हाताळणाऱ्याच्या नजरेवर सोडावा लागतो.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एकच सलग व्हिडिओ मागा: घड्याळ वजनकाट्यावर, मग त्याच शॉटमध्ये काटे फिरवून मध्यरात्रीची तारीखबदल, आणि शेजारी हाताने लिहिलेली आजची तारीख. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा. पार्सल सीलबंद असतानाच कॅमेरा सुरू करा आणि वजनकाट्यावरचा आकडा दिसेपर्यंत बंद करू नका. फसवणूक झालीच, तर घड्याळ परत पाठवण्याच्या वाटाघाटीत दिवस घालवू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, कारण समोरच्याने पैसे काढण्याआधी खातं गोठलं तरच ते मिळण्याची आशा असते.