स्कार्फच्या आत सुती टोपी घालावी की सॅटिनची?

रोज आठ-दहा तास डोकं झाकलेलं असेल, तर वरच्या स्कार्फपेक्षा आतली टोपी जास्त महत्त्वाची, कारण टाळूला तीच चिकटून असते.

सुती होजिअरीची टोपी घाम शोषते. पण शोषलेला घाम तिच्यातच राहतो आणि दुपारपर्यंत ती दमट होते. शिवाय सुताची वीण केसांना घासते, त्यामुळे कोरडे किंवा कुरळे केस कपाळाच्या कडेला तुटतात. सॅटिनवर केस अलगद सरकतात, तुटणं कमी होतं. मात्र बाजारातलं बरंचसं सॅटिन पॉलिएस्टरचं असतं. ते घाम शोषत नाही आणि आत ऊब कोंडते.

माझ्या बहिणीचं असंच झालं. केस तुटतात म्हणून तिने सॅटिन घेतलं, पण सकाळी न्हाऊन ओल्या केसांचाच अंबाडा बांधून वर टोपी चढवायची. महिन्याभरात कानांमागे खाज सुटली आणि पिवळसर, तेलकट कोंडा नखात यायला लागला. मॅलासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या टाळूवर असतेच. तेल आणि ओल मिळाली की ती फोफावते, म्हणून अशा वेळी डोक्याला तेल चोपडणं उलटच पडतं. तिने रात्री न्हायला सुरुवात केली, केस मुळापर्यंत वाळवूनच बांधले आणि २ टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं टाळूवर ठेवून धुतला. चार आठवड्यांत खाज थांबली. टोपी सुती केली, रोज धुतलेली. केस तुटू नयेत म्हणून तिच्या पुढच्या कडेला आतून सॅटिनची दोन बोटं रुंद पट्टी शिवली.

माझं मत विचाराल तर घाम जास्त येणाऱ्यांनी सुतीच घ्यावी आणि दुपारी बदलायला दुसरी जवळ ठेवावी. टाळू कोरडी असेल आणि केस ठिसूळ असतील तर सॅटिन.

ताणाचं दुखणं मात्र कापड बदलून जात नाही. घट्ट इलॅस्टिक, रोज त्याच जागी टोचलेली पिन आणि मागे ओढून बांधलेला अंबाडा यांनी कानशिलावरचे केस विरळ होतात. संध्याकाळी टोपी काढल्यावर कपाळावर वळ दिसला, केस उलटे फिरवताना मुळं दुखली किंवा कडेला बारीक पुटकुळ्या आल्या, तर इलॅस्टिक सैल करा, अंबाडा मानेवर खाली घ्या आणि पिनेची जागा बदलत राहा. एवढ्यात सावरलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ताण राहिला तर मुळं कायमची जातात.

गोल चट्टा पडून त्यात केस मुळाशी तुटलेले दिसले, तर तो कोंडा नव्हे, टाळूचा नायटा असू शकतो. त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या शाम्पूने तो बरा होत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर टोपी, कंगवा, उशीचा अभ्रा घरात कुणाशीही वाटून वापरू नका.