एक इव्हेंट तीन अलर्ट की तीन वेगळे इव्हेंट?

सकाळच्या थायरॉईडच्या गोळीसाठी मी आधी कॅलेंडरमध्ये ७, ७:१५ आणि ७:३० असे तीन रोजचे इव्हेंट टाकले होते, पण ७ ला गोळी घेतली तरी पुढचे दोन वाजायचेच आणि मग अर्धवट झोपेत वाटायचं, अरे घेतली की नाही? डबल डोस व्हायची भीतीच.

आता एकच इव्हेंट, ७:३० चा. कॅलेंडरचे अलर्ट सहसा इव्हेंटच्या आधी किंवा त्याच वेळी वाजतात, म्हणून वेळ शेवटची टाकायची आणि अलर्ट ३० मिनिटं आधी, १५ मिनिटं आधी, ऐन वेळी. गोळी घेतली की फक्त आजचा इव्हेंट डिलीट, उरलेले अलर्ट गप्प. चुकून ‘सगळे इव्हेंट’ निवडलंत तर मात्र उद्यापासून शांतता!

दोन वेगळ्या वेळच्या गोळ्या असतील तर वेगळे इव्हेंटच बरे.