सूट फलकावर होती, बिलात नव्हती : माझे २,४०० गेले ते असे

आधी आकडे देते, कारण दुकानात आणि नंतर तक्रार घेणाऱ्यांकडे मला "मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय" हेच वाक्य पाच-सहा वेळा ऐकावं लागलं. गैरसमज काही नाही. तीन प्रवासी बॅगा घेतल्या. मोठी ६,४०० ची, मधली ४,८०० ची, लहान ३,२०० ची. बेरीज १४,४००. दुकानाच्या दारात माणसाएवढ्या उंचीचा फलक होता, 'सर्व बॅगांवर ३० टक्के सूट', आणि तेच शब्द आदल्या दिवशी माझ्या मोबाईलवर मेसेजमध्ये आले होते. ३० टक्के म्हणजे ४,३२०. द्यायचे होते १०,०८०. दिले १२,४८०.

मी हिशेबाला कच्ची नाही. घरातले सगळे व्यवहार मीच बघते. म्हणूनच हे जास्त लागलंय.

सूट अजिबात लागली नसती तर मी काउंटरवरच थांबवलं असतं. ती एका वस्तूला लागली, फसगत झाली ती तिथेच. मोठ्या बॅगेवर १,९२० कापले गेले, बाकी दोन पूर्ण किमतीला चढल्या. बिलिंगची मुलगी एकेक बॅग स्कॅन करत होती आणि माझ्याकडे तोंड असलेल्या छोट्या स्क्रीनवर रक्कम वाढत होती. दुसरी बॅग चढल्यावर मला खटकलं. मी विचारलंसुद्धा, "यावर सूट दिसत नाहीये." ती वर न बघता म्हणाली, "डिस्काउंट शेवटी टोटलवर पडतो मॅडम, सिस्टीम आपोआप घेते."

तिथे थांबायला हवं होतं. पहिल्या बॅगेची सूट तिच्याच ओळीखाली दिसली होती, मग दुसरीची शेवटी कशी पडेल? इतका साधा प्रश्न त्या क्षणी तोंडातून निघाला नाही. मागे रांग होती, माझी मुलगी बाहेर रिक्षा थांबवून उभी होती. टोटल आली, तीही कमी झालेली दिसली, कारण १,९२० गेलेच होते. मशीनवर पिन टाकला. पिन टाकण्याआधी मशीनवरचा आकडा मनातल्या आकड्याशी ताडून बघा, मागचे लोक कितीही कुरकुरले तरी. पैसे देईपर्यंत आपण गिऱ्हाईक असतो, दिल्यावर तक्रारदार होतो.

आणि बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आजची आपली बचत १,९२०'. ती ओळ वाचून मी समाधानाने पिशवीत बिल ठेवलं. ती ओळ कधीही वाचू नका. सूट किती मिळाली ते ती सांगते, किती मिळायला हवी होती ते नाही. वस्तूवार ओळी वाचा, प्रत्येक वस्तूखाली सूट पडली की नाही ते बघा.

घरी ह्यांनी बिल बघितलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "दोन बॅगांना सूटच नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या वेळेला हजर.

मॅनेजरने बारकोड तपासले आणि खरं कारण त्याच्याच तोंडून निघालं. मधली आणि लहान बॅग नव्या रंगाची होती. प्रत्येक रंगाला, प्रत्येक आकाराला वेगळा कोड असतो आणि स्कीम सिस्टीममध्ये कोडवर चढवलेली असते. नवा माल आला, कोड तयार झाले, पण स्कीमच्या यादीत कोणी घातलेच नाहीत. फलक भिंतीवर लागतो, पण बिल त्या यादीवरून निघतं. हे समजल्यावर मला वाटलं, चला, चूक सापडली, आता २,४०० परत मिळतील.

तर तो म्हणाला, "कोडला स्कीम नाही म्हणजे त्या मालाला ऑफर नाही." मी म्हटलं, फलकावर 'सर्व' लिहिलंय, या दाखवते. दाराशी गेलो. फलक होता तोच, पण 'सर्व' या शब्दावर कागद चिकटवून 'निवडक' केलं होतं. कागदाच्या कडा अजून उचललेल्या होत्या. मी तिथेच उभी राहून थरथरत होते. आदल्या दिवशी मी फोटो काढला नव्हता. का काढला असता? सूट जाहीर असलेल्या दुकानात शिरताना कोण पुरावे गोळा करत शिरतं? पण आता सांगते, काढा. फलकाचा, शेल्फवरच्या पट्टीचा आणि बिलाचाही, कारण त्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते.

मग त्याने दुसरी वाट काढली. "कालचं बिल क्लोज झालंय, बदलता येत नाही, तुम्हाला २,४०० चं व्हाउचर देतो." वापरायला किमान ८,००० ची खरेदी, मुदत ३० दिवस. माझेच पैसे मिळवायला मी अजून ८,००० घालायचे! जुनं बिल बदलता येत नाही हे खरं असेलही, पण माल परत आल्याची नोंद करून त्याच वस्तूंचं नवं बिल करता येतं, बॅगा बदलून नेणाऱ्यांसाठी ते रोज हेच करतात. मी व्हाउचर नाकारलं. एकदा घेतलं की तक्रार मिटली असं लिहून घेतात.

बँकेत फोन केला. त्यांचं म्हणणं, बिलाची रक्कम आणि कापलेली रक्कम एकच आहे, पिन तुम्ही टाकलाय, यात आमच्याकडे वाद धरता येत नाही. एक वेळ हे मी समजू शकते.

पण ग्राहक मदतवाहिनी! ४० मिनिटं थांबून तक्रार नोंदवली. मेसेज माझ्याकडे आहे, त्यात 'सर्व' लिहिलंय, पाठवू का, म्हणून दोनदा विचारलं. "गरज लागली तर मागू." मागितला नाहीच. तक्रार जशीच्या तशी दुकानाकडे पाठवली, दुकानाने उत्तर दिलं 'योजना निवडक मालावर होती', आणि नवव्या दिवशी माझ्या नावापुढे 'निकाली' असा शेरा. निकाली कोणी काढली? ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्या एका वाक्यावर? परत फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणतो, जाहिरात म्हणजे करार नसतो. ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तेवढं बरोबर आहे, लेबलवरची किंमत सहसा दुकानावर बंधनकारक धरली जात नाही, पैसे घेण्याआधी दुकान नाही म्हणू शकतं. पण 'सर्व' लिहून माणसं आत आणायची आणि काउंटरवर पूर्ण किंमत लावायची, ही दिशाभूल करणारी जाहिरात झाली, आणि तो वेगळा गुन्हा आहे. हा फरक मदतवाहिनीवर बसलेल्या माणसाला माहीत नसावा? तक्रारीत मी 'सूट दिली नाही' एवढंच लिहिलं होतं. तुम्ही 'दिशाभूल करणारी जाहिरात' हेच शब्द लिहा, जाहिरातीची तारीख घाला, आणि मागणी एका आकड्यात मांडा.

आता मी तसंच लिहून पुन्हा दाखल केलीय, मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याच्या नावासकट आणि वेळेसकट जोडून. दुकानालाही तेच लेखी दिलं आणि प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला. शिक्का मारायला तो मॅनेजर २० मिनिटं तयार नव्हता. मी काउंटरसमोर उभी राहिले, मागे रांग लागली, आणि या वेळी मी हलले नाही.