क्रिएटिन सात-आठ महिने घेतलं, लिपिड प्रोफाईलचं काय झालं ते सांगतो

मसल्सचे रिव्ह्यू ढीगभर आहेत, मी चाळिशीतला, वडिलांची बायपास झालेली, त्यामुळे मला बघायचं होतं ते कोलेस्टेरॉल. साधं मोनोहायड्रेट, रोज ५ ग्रॅम, लोडिंग वगैरे नाही. आठवड्यातून तीनदा वजनं आणि संध्याकाळचं चालणं, तेही याच काळात सुरू केलं (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल). वजन पहिल्या महिन्यातच किलोभर वाढलं, ते पाणी. बीपी होतं तिथेच आहे.

आता रिपोर्ट. आधी टोटल १९६, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १९०, एलडीएल ११६. नंतर टोटल १९०, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १३०, आणि एलडीएल १२१! बायको म्हणाली बंद कर ती पावडर. पण आमच्या लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात. आधी वजा होत होते ३८, आता फक्त २६, म्हणून टोटल कमी होऊनही एलडीएल वाढलेलं दिसतं. टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा, म्हणजे नॉन-एचडीएल, ते १५४ वरून १४७ वर आलंय. थोडं का होईना, खालीच.

मग याचं श्रेय क्रिएटिनला द्यायचं का? मी तरी देणार नाही. १९९६ मध्ये एक अभ्यास आला होता, कोलेस्टेरॉल २०० च्या वर असलेले ३४ जण, आठ आठवडे, त्यात ट्रायग्लिसराइड वीसेक टक्के उतरलं होतं, विकणारे अजून तेच सांगतात. पण डोस पहिले पाच दिवस २० ग्रॅम आणि पुढे रोज १० ग्रॅम होता. २००८ मध्ये ब्राझीलमध्ये निरोगी पण बैठ्या पुरुषांना तीन महिने एरोबिक व्यायामासोबत दिलं, तर नुसत्या व्यायामाने लिपिड जेवढं सुधारलं त्यात क्रिएटिनने काहीच भर घातली नाही. माझी केस तशीच वाटते, शिवाय ट्रायग्लिसराइड एकाच माणसाचं काही न करताही वीसेक टक्के इकडेतिकडे होतं.

बिघडतं का, तर त्यासाठी २००३ चा अमेरिकन कॉलेज फुटबॉलवाल्यांचा अभ्यास बघा, ९८ खेळाडू, काहींनी २१ महिन्यांपर्यंत घेतलं, लिपिडसकट रक्ताच्या बाकी तपासण्यांत घेणारे-न घेणारे यांच्यात म्हणावा असा फरक नाही. अर्थात ती विशीतली पोरं, हार्ट अटॅक कोणाला येतो हे त्यातून कळणार नाही, आणि आधीच स्टॅटिन घेणाऱ्यांनी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे स्वतःला लावू नये.

एक मात्र बदललं, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन ०.९ चं १.१ झालं. क्रिएटिनचंच क्रिएटिनिन बनतं त्यामुळे घाबरलो नाही, पण डॉक्टरांना पावडर घेतोय हे आधीच सांगितलं, त्यांनी किडनीचीच दुसरी तपासणी, सिस्टॅटिन सी, लिहून दिली, ती नॉर्मल आली. पुढचं लिपिड त्याच लॅबला, बारा तास उपाशी राहून करणार, आणि आदल्या दिवशी पाय बिय मारणार नाही.