परिवर्तनीय रोखे: दोन भाग की सगळंच कर्ज?

समजा कंपनीने १०० लाखांचे परिवर्तनीय, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे रोखे काढले: मुदत ३ वर्षं, व्याज ६ टक्के. रूपांतराची सोय नसती, तर बाजाराने ९ टक्के मागितले असते.

अमेरिकी लेखापद्धतीत साधारणपणे पूर्ण १०० लाख कर्ज. दरवर्षी खर्च ६ लाख.

इंड एएस ३२ या भारतीय लेखामानकात व्याज आणि मुद्दल ९ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणतात. कर्ज ९२.४१ लाख, उरलेले ७.५९ इक्विटी, म्हणजे रूपांतराच्या हक्काची किंमत. पहिल्या वर्षी वित्तखर्च ८.३२ लाख, रोख जातात ६, फरकाने कर्ज ९४.७२ होतं आणि मुदतीअखेर बरोबर १००. मला हीच पद्धत प्रामाणिक वाटते, कारण स्वस्त व्याजाची खरी किंमत त्यात दिसते. इक्विटी शून्य आली, तर चुकून ६ टक्केच दर लावलाय.